कानाचं कळवलंय

लीड्स

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "कानाचं आधी सांगू नकोस, नोकरी हातची जाईल." तरी मी कळवलंय. रागावू नका, का ते लिहितो.

झालं असं, की नोकरी मिळवून देणाऱ्या एजन्सीच्या बाईंची ईमेल आली: मुलाखतीची पहिली फेरी फोनवर. फोनवर मला निम्मं शब्दांवरून आणि निम्मं अंदाजाने कळतं, हे तुम्ही जाणताच. समोरचा विचारतोय एक आणि मी सांगतोय दुसरंच, असं झालं तर तो मला बहिरा नाही, मठ्ठ समजणार. म्हणून त्याच दिवशी उत्तर पाठवलं. उशीर केला असता तर त्यांना सोय करायला वेळ उरला नसता.

आजाराचं नाव, ऑडिओग्राम असलं काही त्यात घातलं नाही. लिहिलं ते साधारण असं: "मला कमी ऐकू येतं. मी श्रवणयंत्र वापरतो आणि ओठ पाहून बोलणं समजून घेतो. तेव्हा फोनऐवजी लाइव्ह कॅप्शन सुरू ठेवून व्हिडिओ कॉल घ्यावा, सर्वांचे कॅमेरे चालू असावेत, एका वेळी एकानेच बोलावं आणि प्रत्येक प्रश्न विचारताना चॅटमध्येही टाकावा. मुलाखत घेणाऱ्यांना हे कळवल्यावर तसं मला ईमेलने सांगावं."

चॅटचा आग्रह एवढ्यासाठी, की कॅप्शन तांत्रिक शब्दांची हमखास वाट लावतात. शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. एजन्सीला सांगितलं म्हणजे कंपनीला कळलंच असं नसतं, आणि ऐन वेळी तिघं कॅमेरे बंद करून बसले तर मी काय करणार?

इथे 2010 चा समानता कायदा आहे. उमेदवारासाठी अशी वाजवी सोय करणं मालकावर बंधनकारक आहे, खर्चही त्याचाच. एजन्सीही यातून सुटत नाही. नोकरी देऊ करण्याआधी तब्येतीची चौकशी करायला सहसा मनाई आहे. मुलाखतीसाठी काही सोय हवी का, एवढं मात्र विचारता येतं. अर्थात 'वाजवी' म्हणजे मागू ते सगळं नव्हे. प्रश्न आदल्या दिवशी मागायचं मनात आलं होतं, पण माझी अडचण ऐकण्याची आहे, विचार करण्याची नाही, म्हणून सोडून दिलं.

तुमची भीती अगदीच खोटी नाही. नकार आला तर तो कानामुळे आला हे सिद्ध करणं अवघडच. पण न सांगता फोनवर गडबडलो असतो, तर कायद्याचा आधारही फारसा उरला नसता. त्यांना माहीतच नाही, तर सोय करायची कशी?

बाईंचं उत्तर आलंय. व्हिडिओ कॉल ठरला, कंपनीला सगळं कळवलंय. जादा वेळ हवा का, असंही विचारलं होतं; नको म्हटलं. मुलाखत गुरुवारी आहे. त्या दिवशी आईला फोन करू देऊ नका, संध्याकाळी मीच व्हिडिओ कॉल करतो.

आपला,
सुहास