निळा समुद्र, लाल समुद्र आणि आमच्या गल्लीतलं सलून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मॅनेजमेंटच्या पोरांसाठी ब्लू ओशनवर, म्हणजे स्पर्धा नसलेला नवा बाजार उभा करण्याच्या कल्पनेवर, लेख आला होता. त्यात एक वाक्य होतं की जिथे स्पर्धाच नाही अशी जागा शोधा म्हणजे झालं. वाचून जरा खटकलं म्हणून लिहितोय, कारण माझी भाची एमबीएला आहे आणि तिनेही असाइनमेंटमध्ये अगदी तेच ठोकून दिलं होतं. आयडिया काय, तर पुण्यात दहा मिनिटांचं सलून! जपानमध्ये चाललं, आपल्याकडे कोणी केलं नाही, मग समुद्र निळा!

आता मी कंपनीच्या कामानिमित्त तीन वर्षं टोकियोत होतो आणि तिने जे उदाहरण घेतलं त्या क्यूबी हाऊसमध्ये दर महिन्याला केस कापून घ्यायचो, त्यामुळे गप्प बसवेना.

हे दुकान १९९६ साली टोकियोत सुरू झालं. तेव्हा तिकडे साध्या न्हाव्याकडे गेलं की साधारण तास जायचा आणि तीन ते पाच हजार येन लागायचे. त्या पैशात नुसते केस नाही कापत हं, गरम टॉवेल, दाढी, शांपू, खांदे दाबून देणं, सगळं एकाच बिलात. तुम्हाला नको असलं तरी. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला फक्त केस बारीक करून हवे असायचे, पण तेवढंच विकणारं कोणी नव्हतं. आणि गंमत म्हणजे सगळी दुकानं एकमेकांशी कशात स्पर्धा करायची, तर टॉवेल किती मऊ आणि मसाज किती छान. याला म्हणतात लाल समुद्र, सगळे एकाच गोष्टीसाठी भांडतायत आणि ती गोष्ट गिऱ्हाइकाला हवीय का हे कोणी विचारतच नाहीये.

क्यूबीने काय केलं, तर आधी काढून टाकलं. अपॉइंटमेंट नाही, शांपू नाही, दाढी नाही, मसाज नाही, गल्ला सांभाळायला माणूस नाही. दारात तिकिटाचं मशीन, हजाराची नोट घाला, तिकीट घ्या, बसा. केस कापून झाले की वरून व्हॅक्युमचा पाइप खाली ओढतात आणि मानेवरचे, डोक्यावरचे बारीक केस शोषून घेतात, म्हणून धुवायची गरजच नाही. पहिल्या वेळी मी दचकलोच होतो, घरी सोफा साफ करतो तसं वाटलं. दहा मिनिटांत बाहेर, हजार येन.

विद्यार्थी इथेच थांबतात, स्वस्त आणि झटपट असं लिहितात आणि पुढे जातात. खरी मजा हिशोबात आहे. जुन्या दुकानात समजा चार हजार येन आणि एक तास, म्हणजे एका खुर्चीचे तासाला चार हजार. क्यूबीत दहा मिनिटांना हजार, म्हणजे तासाला सहा गिऱ्हाइकं आणि सहा हजार. गिऱ्हाईक देतं चौथा हिस्सा आणि खुर्ची कमावते दीडपट! भाव कमी आणि कमाई जास्त हे दोन्ही एकदम जमलं तरच त्याला ब्लू ओशन म्हणायचं, नाहीतर तो नुसता डिस्काउंट आहे, आणि डिस्काउंट शेजारचाही उद्या देतो.

पण हा हिशोब एकाच गोष्टीवर उभा आहे, खुर्ची रिकामी राहता कामा नये. तासाला चार माणसं आली तर जुन्या दुकानाइतकेच पैसे, तीनच आली तर त्याहून कमी. म्हणून दुकानं स्टेशनांच्या आसपास, जिथे माणसांची रीघ लागलेली असते. म्हणून दुकानाबाहेर सिग्नलसारखा दिवा, हिरवा म्हणजे लगेच या, पिवळा म्हणजे थोडा वेळ थांबा, लाल म्हणजे जास्त वेळ. मी स्वतः लाल दिवा बघून कॉफी प्यायला जायचो आणि हिरवा झाला की शिरायचो. वरवर ती गिऱ्हाइकाची सोय वाटते, पण मुळात त्यामुळे गर्दी दिवसभरात पसरते. दिवा, पाइप, तिकिटाचं मशीन, स्टेशनची जागा हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, त्यातलं एक काढलं की बाकीचं लंगडं.

बरं, समुद्र निळाच राहिला का? छे. नकला करणारी हजार येनची दुकानं भराभर निघाली. जुन्या न्हाव्यांच्या संघटनांनी ओरड केली आणि बऱ्याच प्रांतांत नियम आले की दुकानात केस धुवायचं बेसिन हवंच, स्वच्छतेसाठी म्हणे. आता ज्या धंद्याचा जीवच केस न धुण्यात आहे त्याला बेसिन बसवायला लावणं म्हणजे नेमका कुठे चिमटा काढला ते कळतं! पुढे कारागीर मिळेनात. म्हणून २०१९ साली भाव बाराशे झाला, २०२३ साली साडेतेराशे. म्हणजे तिकडेही शेवटी कारागिरासाठी ओढाताण आलीच, फक्त मधली बरीच वर्षं हाताशी मिळाली.

आता भाचीच्या पुण्याकडे येऊ. तिला म्हटलं चल, आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये बस तासभर आणि मोज. तिला आधी लाज वाटली, पण बसली बिचारी वही घेऊन. कटिंग शंभर रुपये, वेळ वीस मिनिटं. दाढीचे वेगळे, मालिशचे वेगळे, डायचे वेगळे. म्हणजे टोकियोत जे जबरदस्तीने बिलात घुसवलेलं होतं ते इथे आधीच सुटं विकलं जातं, ज्याला हवं तो मागतो आणि पैसे देतो. मग ती काढून काय टाकणार? मालिश काढली तर उत्पन्नच गेलं. वेळ वीसवरून दहावर आणून भाव साठ केला तर खुर्ची कागदावर तासाला तीनशेऐवजी तीनशे साठ कमावणार, पण सहाच्या सहा गिऱ्हाइकं आली तर, आणि दुपारी तीन वाजता त्या दुकानात ती, मी आणि पंखा एवढेच होतो. पाच आली तर जुनेच तीनशे. त्यातून व्हॅक्युम आणि स्टेशनजवळचं भाडं वजा केलं तर उरलं काय?

दुकानदाराला तिने विचारलं, ‘दादा, समोर अजून दोन सलून उघडली, तुम्ही वेगळं काय केलं?’ तो म्हणाला, ‘काय नाय ताई, सकाळी साडेसहाला उघडतो, ते नऊला उघडतात. फॅक्टरीवाली पोरं शिफ्टच्या आधी येतात.’ हा निळा समुद्र नाही. गर्दीच्याच बाजारात अडीच तासांचा कोपरा धरलाय, समोरच्याने उद्या लवकर उठायचं ठरवलं तर तोही जाईल. पण त्याला बेसिन नको, दिवा नको, आणि आज त्याचं घर त्या कोपऱ्यावर चालतंय.

भाचीने असाइनमेंट परत लिहायला घेतली आहे. आता तिचा पहिला प्रश्न आहे की पुण्यात असा कुठला धंदा आहे जिथे गिऱ्हाइकाला नको असलेल्या गोष्टींचे पैसे बिलात गुपचूप घातले जातात. लग्नाच्या हॉलचं पॅकेज बघ, असं मी सुचवलंय. तिथे खुर्च्यांच्या कव्हरचेसुद्धा वेगळे पैसे न सांगता लावतात, हे तिच्या आईच्या अजून डोक्यात आहे.

आपला,
एक जुना वाचक, पुणे