समतोलाचे गुण नेमके कशाला? राज्य लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र लोकसेवा आयोग

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी धुळ्यातल्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेच्या मुलामुलींची सराव उत्तरे तपासतो. शिरपूर, साक्री, शहादा, अक्कलकुवा भागातली ही मुले आहेत आणि बहुतेक सगळी मराठीतून लिहितात. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. आता लेखी परीक्षेचे 1750 गुण परीक्षकाच्या वाचनावर ठरतात. ते वाचन कोणत्या मापाने व्हावे, एवढ्याच विषयावर हे पत्र आहे.

दहा गुणांचा, दीडशे शब्दांचा एक सराव प्रश्न घेतो : ‘वनहक्क कायदा, 2006 वनसंवर्धनास मारक ठरला आहे. या विधानाची समीक्षा करा.’

पहिले उत्तर दिसायला देखणे आहे. प्रस्तावना, ‘फायदे’ या मथळ्याखाली चार मुद्दे, ‘तोटे’ या मथळ्याखाली चार मुद्दे आणि शेवटी ‘विकास व पर्यावरण यांत समन्वय हवा’. दुसऱ्या उत्तरात एकही मथळा नाही. सातपुड्याच्या पायथ्याची मुलगी सुरुवातीलाच सांगते की विधान अंशतः खरे आहे, कारण पट्टा मिळेल या आशेने काही ठिकाणी नव्याने झाडे तुटली. मग ती दाखवते की कायदा 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीलाच हक्क देतो, तोही कमाल चार हेक्टरपर्यंत. दाव्याची पहिली पडताळणी ग्रामसभा करते आणि जंगल राखण्याची जबाबदारीही हाच कायदा ग्रामसभेवर टाकतो. म्हणून दोष हक्कात नसून ढिल्या पडताळणीत आहे, असा तिचा निष्कर्ष. तिचे एक वाक्य मात्र पाच ओळी लांबले आहे.

एकंदर छाप पाहून गुण देणारा परीक्षक पहिल्याला झुकते माप देईल. तेच गुण फोडून द्यायचे म्हटले, समजा आशयाला चार आणि रचना, स्पष्टता व समतोल यांना प्रत्येकी दोन, तर चित्र पालटते. पहिल्याला आशयाचे 2, रचनेचा 1, स्पष्टतेचे 1.5 आणि समतोलाचा 0.5, म्हणजे 5 मिळतात. दुसऱ्या उत्तराला 3, 1.5, 1 आणि 2, म्हणजे 7.5.

समतोलाला अर्धाच गुण का, असे पहिले उत्तर लिहिणारा विचारेल. त्याने दोन्ही बाजू मांडल्या हे खरे, पण त्या एकमेकींशी बोलतच नाहीत. चार फायदे आणि चार तोटे समोरासमोर ठेवून तो उठून गेला. विरुद्ध बाजूचे म्हणणे तिच्या समर्थकालाही मान्य होईल अशा शब्दांत आले आहे का आणि त्याला उत्तर दिले आहे का, हे परीक्षकाने पाहावे. ठाम मत दिले म्हणून गुण कापू नयेत. उद्या प्रांताधिकारी म्हणून दाव्याच्या सुनावणीला बसणाऱ्याला निर्णय द्यावाच लागतो.

रचना ओळखायला मथळे झाकून वाचावे. मुद्द्यांचा क्रम उलटासुलटा केला तरी उत्तरात फरक पडत नसेल, तर तिथे नुसती यादी आहे. स्पष्टतेच्या बाबतीत आमच्या मुलांची एक वेगळी काळजी आहे. घरी अहिराणी किंवा भिली बोलणारी मुले साधे शब्द वापरतात. ‘पाणी खोल गेले’ आणि ‘भूजलपातळी खालावली’ यांतून परीक्षकाला तेच कळत असेल, तर गुणही तेवढेच मिळावेत.

या फोडीला एक मर्यादा आहे. ‘स्पष्ट करा’ म्हटलेल्या प्रश्नात दुसरी बाजू नसते, तिथे समतोलाचे गुण आशयाकडे वळवावे लागतील. ही विभागणी प्रश्न काढणाऱ्यानेच प्रश्नासोबत लिहून द्यावी, परीक्षकाच्या मर्जीवर सोडू नये.

राहिला कडक आणि सढळ हाताचा प्रश्न. संजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितले की, एकाच विषयाच्या उत्तरपुस्तिका अनेक परीक्षक तपासतात तेव्हा त्यांच्यातला फरक घालवण्याचा योग्य मार्ग नियमन हा आहे. परीक्षकांनी आधी एकत्र बसून आदर्श उत्तरांवर चर्चा करायची, मग मुख्य परीक्षकाने नमुन्याच्या उत्तरपुस्तिका पुन्हा पाहायच्या. या बैठकीत वरच्यासारखी दोन उत्तरे सर्वांनी स्वतंत्रपणे तपासावीत आणि ज्या घटकात गुण फाकतील त्यावरच बोलावे. नुसती बेरीज पाहिली, तर मतभेद रचनेवर होता की समतोलावर, हे कळत नाही.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. पुढच्या मुख्य परीक्षेआधी गुणांच्या विभागणीचा नमुना आयोगाने संकेतस्थळावर टाकावा. निकालानंतर प्रत्येक उमेदवाराला त्याची तपासलेली उत्तरपुस्तिका घटकवार गुणांसह पाहता यावी. पुण्याचा क्लास न परवडणाऱ्या अक्कलकुव्याच्या मुलीला आपले गुण कुठे गेले हे त्या पानावरूनच समजेल.

आपला विश्वासू,
एक शिक्षक, धुळे