‘सिली मिस्टेक’ खोडणाऱ्या ताईंना

ताई,

नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं ताई. राज्यसेवा पूर्वचा निकाल लागला, माझा नंबर आहे. पेढे घेऊन अभ्यासिकेत आलो, तर तुम्ही खोली सोडून गावी गेल्याचं कळलं. म्हणून हे पत्र.

दोन वर्षं मी ज्या क्लासची टेस्ट सिरीज लावली होती, तिथे दर रविवारी मार्क आणि रँक कळायची. चुका दाखवायला गेलो की एकच उत्तर, “अजून पेपर सोडव.” सोडवले. चुकांची वहीही केली, पण तिच्यात अख्खा प्रश्न, चारही पर्याय, अर्धं पान स्पष्टीकरण. साठ पानं भरली आणि एकदाही उघडली नाही.

त्या संध्याकाळी जिन्यात तुम्ही ती वही चाळलीत. विधान परिषद साधारण विधेयक जास्तीत जास्त किती काळ रोखू शकते, हा प्रश्न होता. मी ३ महिने लिहिलं होतं, उत्तर ४. शेजारी माझा शेरा, ‘सिली मिस्टेक’. तुम्ही पेन काढून तो खोडलात आणि विचारलंत, “गोल काळा करताना डोक्यात काय होतं?” मला इतक्या आपुलकीनं हे कुणीच विचारलं नव्हतं. मी आठवून सांगितलं, की ३ महिने ओळखीचे वाटले आणि पुढचे पर्याय वाचलेच नाहीत. विधानसभेनं विधेयक पुन्हा मंजूर केलं की परिषदेला आणखी १ महिना मिळतो, हे मला पाठ होतं. म्हणजे चूक राज्यघटनेच्या अभ्यासात नव्हतीच, आणि मी मात्र दर वेळी तोच धडा पुन्हा वाचत बसायचो. तुम्ही तिथे एवढंच लिहिलंत : ‘ओळखीचा आकडा दिसला की चारही पर्याय वाच.’

मग मी एका चुकीला एकच ओळ ठेवली. माहीत नव्हतं, वाचताना चुकलं की दोनांत अडकून ठोकलं, आणि पुढच्या वेळी काय करायचं. तुमच्या सांगण्यावरून पेपर सोडवतानाच शंका असलेल्या प्रश्नापुढे टिंब द्यायला लागलो, म्हणजे नशिबानं बरोबर आलेलेही वहीत यायचे. त्यातूनच कळलं, की दोनांत अडकलेल्या २२ प्रश्नांपैकी माझे फक्त ४ बरोबर होते. प्रश्नाला २ प्रमाणे मिळाले ८ गुण, आणि दर चुकीला त्या दोनांचा पाव हिस्सा, म्हणजे अर्धा गुण, या हिशेबानं गेले ९. म्हणजे खरं उत्तर मी बहुतेकदा आधीच, घाईनं काढून टाकत होतो.

परीक्षेआधीचे चार दिवस नवीन काही वाचलं नाही. उत्तर झाकून तेच प्रश्न पुन्हा सोडवले, जमला तो खोडला. शेवटी दीड पान उरलं, ते सकाळी केंद्राबाहेर वाचलं.

दुसऱ्या दिवशी तुमचा स्वतःचा पेपर होता, हे मला नंतर कळलं. तरी पाऊण तास तुम्ही त्या जिन्यात बसलात. अभ्यासिकेत माणसं एकमेकांपासून नोट्स लपवतात, ताई. तुमच्या अक्षरातलं ते पान मी वहीतून काढून मुख्य परीक्षेच्या नव्या वहीत चिकटवलं आहे. पेढे मात्र राहिले. गावचा पत्ता कळवा, घेऊन येतो.

तुमचा,
खिडकीजवळच्या टेबलावरचा भाऊ