खेड स्थानकातील त्या रात्रीबद्दल आभार

आदरणीय वाहतूक नियंत्रक महोदय,

सप्रेम नमस्कार.

१४ जुलै २०२४ च्या रविवारी संध्याकाळी दिवाणखवटी आणि विन्हेरे यांच्यामध्ये कोकण रेल्वेच्या रुळांवर दरड कोसळली आणि मुंबईकडे निघालेली आमची गाडी खेडला थांबली. आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे जाहीर पत्र.

लांब पल्ल्याच्या गाड्या पुणे, मिरज, लोंढामार्गे वळवणार असे कुणीतरी सांगताच फलाटावर आशा पसरली. त्या गाड्या घाटमाथ्यावरून थेट मडगावला उतरतात आणि मधले सारे कोकण टाळतात, त्यामुळे खेडला बसलेल्या माणसाला त्यांचा काडीचाही उपयोग नाही, हे आपण न चिडता चार-पाच वेळा समजावलेत. त्यानंतर बाकावर उभे राहून आपण विचारलेत, “पुण्याचे कोण? इकडे या.”

मला तेव्हा ते विचित्र वाटले, कारण सर्वांना उत्तरेकडेच जायचे होते. पुण्याच्या मंडळींना मात्र आपण उलट दिशेला, चिपळूणला धाडलेत. रात्रीच्या पावसात माणगावहून ताम्हिणी घाट चढण्यापेक्षा कुंभार्लीने पाटण, कराड गाठावे, कारण त्या घाटात एसटीची नेहमीची वर्दळ असते आणि पुढे रस्ता अडलाच तरी कराडला पुणे–मिरज मार्गावरची रेल्वे मिळते, असा आपला हिशेब होता. कराडचे रेल्वे स्थानक शहरात नसून ओगलेवाडीला आहे, तेव्हा बसस्थानकावर उतरून रिक्षा करावी लागेल, हेही आपण एका आजींच्या तिकिटामागे पेनाने लिहून दिलेत.

मुंबईच्या आम्हा प्रवाशांसाठी कुंभार्लीचा वळसा फार लांबचा होता. आम्हाला बसने भरणे नाका, कशेडी, पोलादपूर, महाड असेच जायचे होते. पण कशेडीतून वाहने सुटत आहेत अशी पोलादपूरहून फोनवर खात्री होईपर्यंत आपण बस हलू दिली नाहीत. तो पाऊण तास आम्ही बरीच कुरकुर केली, त्याबद्दल क्षमस्व. दरडीच्या पलीकडे, वीर किंवा माणगावला उतरून गाडी पकडू, असा माझा आग्रहही आपण मोडून काढलात. मार्ग बंद झाला की पलीकडच्या गाड्याही मागेच रोखलेल्या असतात, मग आडरात्री लहान स्थानकात बसून राहण्यापेक्षा सरळ पनवेलला उतरा, तिथून पहाटेची लोकल मिळेल, असे आपण म्हणालात. नेमके तसेच घडले.

रुळांवरची माती दुसऱ्या दिवशी हटली आणि गाड्या सुरू झाल्या, तेव्हा मी ठाण्याच्या घरी झोपलो होतो. कराडमार्गे गेलेल्या त्या आजीही सकाळीच पुण्याला पोहोचल्या, असे त्यांच्या नातवाने मला कळवले. तिकीट त्यांनी जपून ठेवले आहे.

आपला कृतज्ञ,
एक प्रवासी