अण्णा, तुमच्या चार्टबद्दल

ती. अण्णांना,
सा. नमस्कार.

पत्र असं सगळ्यांसमोर लिहायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. घटस्फोट झाला तरी सासरच्या दारात कशाला जातेस, असं मला लोक निदान तोंडावर विचारतात. तुम्हाला विचारणारे मागून बोलतात. दोन्हीकडचं उत्तर एकदाच लिहून टाकते. शिवाय ज्यांची प्रकरणं आत्ता कोर्टात चालू आहेत, त्यांच्यातल्या कुणाला मुलांच्या भेटींचा तुमचा चार्ट उपयोगी पडला तर बरंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे कुणी तुम्हाला उगाच देवमाणूस करणार नाही. तुम्ही माझ्या बाजूने नव्हता. पैशांची बोलणी चालली तेव्हा तुम्ही मला समोर बसवून म्हणालात, ‘‘मी त्याचा बाप आहे, व्यवहारात मी त्याच्याच बाजूला बसणार. पण मुलांचा विषय निघाला की मी कुणाच्याच बाजूला नाही.’’ मला राग आला होता, पण आपण कुठे उभे आहोत ते कळलं. गोड बोलून नंतर पाठ फिरवणाऱ्या माझ्या काही नातेवाइकांपेक्षा हे पुष्कळ बरं होतं.

आता मुद्द्याचं. परस्पर संमतीचा घटस्फोट म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब. दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग साधारण सहा महिने थांबायचं आणि पुन्हा कोर्टापुढे जाऊन संमती कायम असल्याचं सांगायचं. हा थांबण्याचा काळ योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटलंय. आम्ही ती सूट मागितली नाही. त्याच काळात कन्सेंट टर्म्सचा, म्हणजे दोघांनी मान्य करायच्या अटींचा, मसुदा घरी आला. त्यात पोटगी, फ्लॅट, दागिने सगळं ओळीओळीने लिहिलेलं, आणि मुलांबद्दल एकच वाक्य: ताबा आईकडे, वडिलांना भेटीची वाजवी मुभा, वेळ परस्पर संमतीने ठरवावी.

तुम्ही तो कागद वाचलात, चष्मा काढलात आणि विचारलंत, ‘‘वाजवी म्हणजे किती? आणि यांची संमती होत असती तर हे कोर्टात कशाला गेले असते?’’

वकिलांना हसू आलं, पण ते गप्प बसले. कारण भांडणं नेमकी तिथेच लागतात. दर रविवारी नव्याने ठरवायचं म्हटलं की दर रविवारी नव्याने नकार देता येतो, आणि तो नकार पोचवायला मधे मुलंच उरतात. ‘‘बाबाला सांग, या वेळी जमणार नाही.’’ सात वर्षांच्या पोराने हा निरोप का द्यायचा?

तुम्ही आयुष्यभर एसटीत ड्रायव्हर-कंडक्टरांचे ड्युटी चार्ट लावलेत. तसाच फुलस्केप कागद घेतलात, पट्टीने रेघा मारल्यात आणि आम्हा दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावून तो भरून घेतलात. सगळा कागद इथे उतरवत नाही, तीन-चार रकाने तेवढे सांगते.

पहिला रकाना मुलं हातात देण्याचा. मी घोडबंदर रोडला मानपाड्याला, मुलांचे बाबा नेरुळला आणि मधे तुमचं नौपाड्यातलं घर. सुरुवातीला आम्ही हे आमच्या सोसायटीच्या गेटवर करत होतो. वॉचमन बघतोय, वरच्या गॅलरीतून दोघी-तिघी बघताहेत आणि मुलं बॅग घेऊन खाली मान घालून उभी. तुम्ही लिहिलंत की दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मुलांना साडेनऊला मी तुमच्याकडे सोडायचं आणि दहा-सव्वादहाला त्यांनी येऊन न्यायचं. रविवारी संध्याकाळी याच्या उलट. मधला अर्धा तास तुमचा. ‘‘एक गाडी फलाटावरून सुटल्याशिवाय दुसरी लावायची नसते,’’ हे तुमचं कारण. आम्ही दोघं दारात समोरासमोर येत नाही, आणि मुलांना एका माणसाच्या हातून थेट दुसऱ्याच्या हातात जावं लागत नाही. ती आजी-आजोबांकडे येतात, पोहे खातात आणि मग बाबांबरोबर ट्रान्स-हार्बरने नेरुळला जातात. त्या अर्ध्या तासाचं मोल मला खूप उशिरा कळलं. धाकटा पूर्वी शनिवारी सकाळी पोट दुखतं म्हणायचा, ते दुखणं हळूहळू थांबलं.

दुसरा रकाना सणांचा, आणि इथे तुमची खरी हुशारी. मसुद्यात कुणीतरी ‘सप्टेंबरमध्ये गणपतीचे दोन दिवस वडिलांकडे’ असं घातलं होतं. तुम्ही ते खोडून ‘गणेश चतुर्थी व दुसरा दिवस, तारीख व महिना कोणताही असो’ असं लिहायला लावलंत. २०२३ साली चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली थेट २७ ऑगस्टला. महिना कागदावर राहिला असता तर त्या वर्षी तुमच्या दीड दिवसाच्या गणपतीला नातवंडं नाहीत, आणि कागद माझ्या बाजूने. मी अडवलं असतं असं नाही. पण अडवता आलं असतं, हेच तुम्हाला नको होतं.

दिवाळीचं कोडं आणखी अवघड. लक्ष्मीपूजन एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, हे सरळ होतं. भाऊबीज मात्र फिरवता येत नव्हती. त्या दिवशी आत्या तुमच्याकडे येते आणि माझा भाऊ माझ्याकडे. मुलांना दोन्हीकडे असायचं होतं आणि दोन्हीकडे असायलाही हवं. तुम्ही दिवसाचेच दोन भाग केलेत: दुपारच्या जेवणापर्यंत नौपाडा, चारनंतर मानपाडा. थोरली धाकट्याला दोनदा ओवाळते आणि दोनदा ओवाळणी वसूल करते. तक्रार असलीच तर ती फक्त धाकट्याची आहे.

तिसरा रकाना आजारपणाचा, तो नंतर वाढवला. एकदा धाकट्याला ताप होता. निघताना मी पॅरासिटामॉल दिलं, आणि तुमच्याकडे पोचल्यावर अंग गरम लागलं म्हणून आईंनी पुन्हा दिलं. दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर लागतं, आणि इथे दोन तासही झाले नव्हते. डॉक्टरांना फोन केला, काही झालं नाही, पण घाबरलो सगळे. कुणी कुणाला बोलायच्या आत तुम्ही नियम लिहून टाकलात. औषध चालू असेल तर बॅगेच्या पुढच्या कप्प्यात चिठ्ठी: औषधाचं नाव, किती मिली, शेवटचा डोस किती वाजता. अँटिबायोटिकची बाटली मुलाबरोबर फिरते, कारण कोर्स मधे तुटता कामा नये. आणि ताप चढलेला असेल तर मुलाने प्रवास करायचाच नाही. त्या दिवशी बाबांनी तासभर आमच्याकडे येऊन बघून जायचं आणि बुडालेला शनिवार पुढच्या आठवड्यात भरून घ्यायचा. ‘भरून घ्यायचा’ हे शब्द नसते तर प्रत्येक तापावर संशय आला असता. मुलाला खरंच बरं नाही की आई पाठवत नाही, असं कुणालाही वाटलं असतं. दिवस बुडत नाही म्हटल्यावर संशयाला जागाच राहिली नाही.

एक रकाना मात्र तुम्ही काढलाच नव्हता, तो तुमचा स्वतःचा. कायद्यात आजी-आजोबांच्या भेटीचा वेगळा, ठरलेला हक्क लिहिलेला नाही. मुलाचं हित बघून कोर्ट परवानगी देऊ शकतं, पण त्यासाठी अर्ज करा, तारखा घ्या. तुमच्या भेटी तुमच्या मुलाच्या भेटींना जोडलेल्या होत्या. तो परगावी गेला की त्या आपोआप संपल्या असत्या. तो रकाना मी सांगून घालून घेतला: वडील शहरात नसले तरी त्या शनिवारी मुलं नौपाड्याला जातील. पुढे त्यांना कामासाठी काही महिने पुण्याला राहावं लागलं, तेव्हा ही ओळ किती कामाला आली ते आपण दोघांनी पाहिलंय. वकिलांनी मला सावध केलं होतं की हे द्यायचं कायदेशीर बंधन माझ्यावर नाही. बंधन नव्हतं म्हणूनच द्यावंसं वाटलं.

हा सगळा कागद टर्म्सना जोडला गेला आणि हुकूमनाम्याचा भाग झाला. पण खरं सांगायचं तर कोर्टाचा शिक्का असूनही तो चालला तुमच्यामुळे. घरात कुणी ‘तुझी आई ना...’ असं सुरू केलं की तुम्ही ‘‘मुलं इथे बसलीयेत’’ एवढंच म्हणता. परत आल्यावर आईने काय विचारलं, घरी कोण आलं होतं, असली चौकशी तुम्ही मुलांकडे कधी केली नाही. असं विचारलं जात असतं तर थोरलीच्या चेहऱ्यावर मला दिसलं असतं, ती लपवू शकत नाही.

सगळं गोड आहे असंही नाही. आई अजून माझ्याशी जेमतेम बोलतात. डबा परत करताना त्यात काहीतरी घालून देतात, पण माझ्याकडे न बघता. तो त्यांचा हक्क आहे, मी काही म्हणत नाही. आणि तुम्ही धाकट्याला गोखले रोडवरून येताना फरसाण घेऊन देता, त्यावर आपलं भांडण आहे ते आहेच. रविवारी रात्री तो जेवत नाही, अण्णा. हे चार्टमध्ये घालायचं का?

आता कामाचं. थोरली पुढच्या वर्षी दहावीला. शनिवारी सकाळी तिचा क्लास असणार आणि साडेनऊची वेळ काही जमणार नाही. मुलांबाबतच्या अटी गरजेप्रमाणे बदलून मागता येतात, त्या काही दगडावरच्या रेघा नाहीत. पण कोर्टात जाण्याआधी आपण घरात बसून ठरवू. तिच्या बाबांशी मी फोनवर बोलले आहे, त्यांची हरकत नाही. फक्त या वेळी रकाना तिला स्वतःला भरू दे. तिने आधीच सांगून ठेवलंय की तिला शनिवार नको, रविवार हवा, आणि तोही अकराच्या आत नको. नवा फुलस्केप मी घेऊन येते, पट्टी तुमच्याकडे आहेच.

आईंना नमस्कार सांगा.

तुमची,
मुलांची आई
मानपाडा, ठाणे