मंत्रीसाहेब, भारतीय कंपनीच्या एजंटने परदेशात दिलेली लाच नेमकी कुणाच्या खात्यावर?

मा. केंद्रीय कायदेमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत एक्सपोर्ट बघतो. आम्ही व्हॉल्व्ह बनवतो, पाण्याच्या लाइनला लागतात ते. निम्मा माल बाहेर जातो आणि बाहेर माल विकायचा म्हणजे तिथला एजंट लागतोच, त्याशिवाय टेंडर कधी निघालं हेसुद्धा कळत नाही. एजंट चार-पाच टक्के घेतो, आम्ही ते शिपिंग बिलावर एजन्सी कमिशन म्हणून दाखवतो, बँक अ‍ॅग्रीमेंट मागते, देतो, विषय संपला.

मागे एका आफ्रिकन देशातल्या पाणीपुरवठा खात्याचं काम होतं. एजंट म्हणाला यावेळी सतरा टक्के, आणि त्यातले पाच त्याच्या स्वतःच्या नावावर, बाकीचे बारा दुबईतल्या दुसऱ्याच एका कंपनीच्या खात्यात, बिल येईल मार्केटिंग सपोर्टचं. आता बारा टक्क्यांचं मार्केटिंग व्हॉल्व्हला कोण करतं हो? मी सरळ विचारलं, हे पैसे कुणाला? तो हसला आणि म्हणाला, सर, तुम्हाला कशाला पाहिजे, तुम्ही तर फक्त मला देताय.

साहेब, हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. कारण घरी आल्यावर कायदा काढून बघितला तर तो माणूस जवळजवळ बरोबर निघाला.

आपल्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 ला दुरुस्ती झाली, कलम 9 नवीन लिहिलं. कंपनीसाठी काम करणाऱ्या कुणीही, नोकर असो, एजंट असो की उपकंपनी, कंपनीच्या धंद्यासाठी लोकसेवकाला लाच दिली तर गुन्हा कंपनीचा. कंपनीने पुरेशी काळजीची यंत्रणा ठेवली होती हे दाखवलं तरच सुटका. वाचताना वाटलं वा, झालं की काम. पण अडकतंय ते लोकसेवक या शब्दात. या कायद्यातला लोकसेवक म्हणजे आपला, भारतातला. माझा एजंट साताऱ्यात तलाठ्याला पैसे देईल तर कंपनी अडकणार, तोच एजंट तिकडच्या चीफ इंजिनिअरला शंभरपट देईल तर कलम 9 गप्प.

गंमत म्हणजे इन्कम टॅक्सवाल्यांना हे आधी सुचलं. 2022 च्या फायनान्स अ‍ॅक्टने स्पष्ट केलं की भारतात किंवा भारताबाहेर जो गुन्हा आहे त्यासाठीचा खर्च कंपनीला खर्च म्हणून वजा करता येणार नाही. म्हणजे तिकडे दिलेली लाच पकडली गेली तर मला त्यावर टॅक्स भरावा लागेल, पण लाच दिल्याचा गुन्हा मात्र इथे नाही!

ब्रिटनने हे कसं केलंय ते बघा. त्यांचा ब्रायबरी अ‍ॅक्ट 2010 चा, लागू झाला 1 जुलै 2011 ला. त्यातलं कलम 7 म्हणतं की कंपनीशी जोडलेल्या माणसाने जगात कुठेही लाच दिली आणि कंपनीने ती रोखली नाही, तर न रोखणं हाच गुन्हा. डायरेक्टरला माहीत होतं का, बोर्डात ठराव झाला का, हे सरकारने सिद्ध करत बसायचं नाही. आम्ही पुरेशी काळजी घेतली होती हे कंपनीनेच दाखवायचं. हा फरक फार मोठा आहे, कारण एजंट ठेवतातच मुळी वरच्यांना माहीत नव्हतं असं म्हणता यावं म्हणून.

विमानं बनवणाऱ्या एअरबसचं लाचेचं प्रकरण 31 जानेवारी 2020 ला मिटलं, फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका मिळून जवळपास 360 कोटी युरो भरले त्यांनी. ब्रिटनच्या भागात पाच देश होते, त्यातला श्रीलंकेचा किस्सा मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. श्रीलंकन एअरलाइन्सला दहा विमानं विकायची होती. एअरबसच्या लोकांनी एका बाईंना मध्यस्थ म्हणून घेतलं, पैसे त्यांच्या कागदी कंपनीतून जाणार, कबूल केलेली रक्कम 1 कोटी 68 लाख डॉलरपर्यंत, त्यातले 20 लाख प्रत्यक्ष दिले. या बाई म्हणजे एअरलाइनमधल्याच एका अधिकाऱ्याची बायको. पुढे ब्रिटनच्या निर्यात-कर्ज खात्याने विचारलं की हा मध्यस्थ कोण, तेव्हा एअरबसकडून त्यांना चुकीचं नाव सांगितलं गेलं, आणि बाईचा पुरुष केला!

बघा, संशय यायला बँकेतले लाचेचे पैसे शोधावे लागले नाहीत. मध्यस्थ कोण, त्याने नेमकं काय काम केलं, आणि त्या कामाला एवढे पैसे का, हे तीन प्रश्न कुणीतरी विचारले आणि उत्तर देता येईना. माझ्या दुबईवाल्या बिलाला हेच तीन प्रश्न लावा, तेही तिथेच पडतं.

आणि हे फक्त त्यांचं तिकडचं नाही. लुई बर्जर नावाची न्यू जर्सीची कन्सल्टिंग कंपनी, तिने 1998 ते 2010 मध्ये भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम, कुवेत इथे मिळून 39 लाख डॉलर लाच दिल्याचं 2015 ला अमेरिकेत कबूल केलं. त्यात आपल्या गोव्यातला पाण्याचा प्रोजेक्ट होता. हिशोबात नावं काय तर कमिटमेंट फी, मार्केटिंग फी, फील्ड ऑपरेशन खर्च. दंड 1 कोटी 71 लाख डॉलर, भरला अमेरिकेत, परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धच्या त्यांच्या 1977 च्या कायद्याखाली. पाणी गोव्याचं आणि दंड वॉशिंग्टनच्या तिजोरीत. तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. आता उलटं करून बघा, आपल्या कंपनीचा एजंट दुसऱ्या कुणाच्या गोव्यात हेच करतोय आणि आपल्याकडे कलमच नाही.

आपण संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी करारावर 2011 ला शिक्कामोर्तब केलं, त्यात परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं गुन्हा करा असं साफ लिहिलंय. त्याच वर्षी त्यासाठीचं बिल लोकसभेत आलं, 2014 ला लोकसभेची मुदत संपली तसं तेही बारगळलं. 2015 ला लॉ कमिशनने रिपोर्ट नंबर 258 दिला, सोबत नवीन मसुदाही. तो अजून फायलीतच.

मला कडक शिक्षेचं फार कौतुक नाही, खरं सांगतो. मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते, ती फाइल तयार ठेवते. आमच्याकडे एक मी आणि एक अकाउंटंट. म्हणून दोन गोष्टी एकत्र करा. परदेशी लोकसेवक कलम 9 मध्ये आणा, आणि कलम 9 मध्येच ज्या गाइडलाइन्स केंद्राने काढायच्या असं लिहिलंय त्या काढा, छोट्या निर्यातदाराला कळतील अशा. एजंटचा मालक कोण ते लिहून घ्या, काम झाल्याचा पुरावा घ्या, तिसऱ्या देशातल्या खात्यात पैसे पाठवू नका, एवढं एका पानात बसतं. एवढं करून एजंटने आम्हाला फसवलं तर कंपनी सुटावी, हेही त्याच पानावर असू द्या.

अजून एक. इथे माझ्यावर जबरदस्ती करून लाच घेतली तर सात दिवसांत पोलिसांना कळवून सुटता येतं. तिकडे बंदरावर माल अडवून पैसे मागितले तर कळवायचं कुणाला? दूतावासात एक माणूस नेमा, ज्याला लिहिलेला मेल उद्या कोर्टात पुरावा म्हणून चालेल.

ते टेंडर आम्ही सोडलं. काम दुसऱ्या कुणाला मिळालं, आणि तो एजंट परवा परत मेल करून विचारत होता, सर, यावर्षी काय करायचं?

आपला,
साताऱ्याचा एक एक्सपोर्टवाला