दोन भाषांतल्या त्या निरोपाबद्दल आभार

प्रिय ताई,

अनंत चतुर्दशीला मुठेकाठच्या घाटावर निर्माल्य गोळा करण्यासाठी तुम्ही मराठी आणि हिंदीत जो निरोप लिहून दिलात, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. असे निरोप बऱ्याच मंडळांना लिहावे लागतात, म्हणून तो कसा बेतला होता तेही इथे लिहितो.

तुम्ही मराठीचं नुसतं हिंदी केलं नाहीत. आमच्या कच्च्या मजकुरात ‘भरलेल्या पिशव्या टेबलाशेजारी खाली ठेवा’ असं होतं. हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामं. लिपी एकच असल्यामुळे हिंदी बोलणारी मुलं वरचा मराठी भागही वाचतात आणि पिशवी तिथेच ओतून मोकळी होतात. तुम्ही दोन्हीकडे ‘जमिनीवर’, ‘ज़मीन पर’ केलंत. निर्माल्य हा शब्दही अनेकांना कळत नाही, तिथे ‘चढ़ाए हुए फूल-हार’ लिहिलंत. ‘उद्या’ तर काढूनच टाकलंत. निरोप मध्यरात्रीनंतर पुढे गेला की उद्याचा परवा होतो, आणि हिंदीतला ‘कल’ मागचाही असतो नि पुढचाही. प्रत्येकाच्या हातात पडली ती ओळ अशी:

शनिवार, ६ सप्टेंबर. हजेरी दुपारी ४:००, काम ४:३० ते रात्री ८:४५. निर्माल्य टेबल २. पुलाच्या शाळेकडच्या टोकाला, पिवळ्या छत्रीपाशी.

शनिवार, ६ सितंबर. हाज़िरी शाम ४:००, काम ४:३० से रात ८:४५. फूल-हार की मेज़ २. पुल के स्कूल वाले सिरे पर, पीली छतरी के पास.

हजेरीची वेळ वेगळी दिली हे फार बरं झालं. हारातून दोरा, प्लॅस्टिक आणि चमकी कशी वेगळी करायची ते दाखवायला तो अर्धा तास लागतोच. दोरा राहिला की खताच्या यंत्राच्या पात्यांना गुंडाळला जातो. दुसरी पाळी ८:३० ला सुरू केल्यामुळे पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र असतात आणि कुठला पिंप भरत आलाय ते जाणारा येणाऱ्याला सांगतो. चार टेबलांवर तीन-तीन जण, वर दोन राखीव, असे पाळीला चौदा. राखीव नसले की पाणी प्यायला गेलेल्याचं टेबल ओस पडतं आणि लोक पिशवी सरळ नदीत सोडतात.

तिसऱ्या पाळीची ओळ आम्ही जपून ठेवली आहे. ‘रात्री १२:१५’ एवढंच लिहिलं असतं तर कुणी शुक्रवारची रात्र धरली असती, कुणी रविवारची. तुम्ही लिहिलंत, ‘शनिवारची रात्र संपून रविवार लागताच, १२:१५’.

छत्रीची जागाही पोलिसांच्या अडथळ्यांच्या अलीकडची निवडलीत. घाटावरच बोलावलं असतं तर निम्मे गर्दीत अडकले असते, आणि त्या रात्री तिथे फोन धड लागत नाही.

छत्री धुऊन वाळवून ठेवली आहे. पुढच्या वर्षीचा मजकूर आधी तुमच्याकडेच पाठवू.

तुमचे,
निर्माल्य गटातले सगळे